पुसलेली अकरा प्रश्नचिन्हं

सुगीच्या रविवारी पहिलं पोतं याकोबकाकांच्या घरचं, हे गावात कुणी ठरवलेलं नव्हतं आणि कुणी मोडलेलंही नव्हतं. राहुरीकडच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत ज्वारी निघाली की घरटी एक पोतं देवापुढे यायचं, गायनं व्हायची, आणि सगळ्यांच्या आधी चालायचं ते याकोबकाकांचं पोतं. कारण त्यांची पणजी बनुबाई. शंभरसव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळात मिशनच्या अनाथ पोरांचं धान्य तिनं राखलं होतं, स्वतः उपाशी राहून, असं घरोघर सांगत आले होते.

या वर्षी काका आले ते सगळ्यांच्या मागून. पोतं त्यांनी दाराशी, चपलांच्या शेजारी उतरवलं. मग टोपी काढून उभे राहिले.

"पाळकसाहेब, मंडळी," ते म्हणाले, "आमच्या घरानं आजवर फुकटचा मान घेतला. पुस्तकात छापून आलं तवा कळलं. पोरांच्या तोंडचं दोन पायल्या धान्य आमच्या बनुबाईनं चोरून ठिवलं हुतं. ती आता न्हाई, म्हून मी माफी मागतो. इथून फुडं आमचं पोतं दाराशीच राहील."

बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर आराधना बसली होती. ते पुस्तक, म्हणजे मंडळीच्या दीडशे वर्षांची नाताळात निघालेली स्मरणिका, आणि त्यातली जुनी इंग्रजी वही तिनंच तर मराठीत आणली होती. नगरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारी गावची लेक, म्हणून मिशनच्या मिस टिल्सन नावाच्या मडमेची दुष्काळातली वही समितीनं तिच्याच हाती दिली होती. आता उठून बोलावं असं तिला वाटलं. पण ती उठली नाही, उलट पदर सारखा करत खाली बघत राहिली, आणि पुढचं गायन सुरू झालं तेव्हा सगळ्यांबरोबर तोंडही हलवू लागली.

घरी येऊन तिनं लॅपटॉप उघडला. वहीच्या पानांचे फोटो त्यात होते. मडमेचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. घाईत लिहिताना बाई आय या अक्षरावरचा ठिपका खुशाल विसरायची, ए हे अक्षर कधी बंद करायची, कधी उघडं सोडायची, त्यात पानांना कधीतरी ओल लागून शाई पसरलेली. एम. ए.ला असताना आराधनाच्या बाईंनी एक शिस्त लावली होती: शब्द नीट लागला नाही तर चौकटी कंसात लिहायचा, पुढे प्रश्नचिन्ह, आणि खाली टिपेत दोन्ही वाचनं द्यायची. अंदाज गुपचूप घुसडायचा नाही. आराधनानं पहिला मसुदा अगदी तसाच केला होता. एक्केचाळीस प्रश्नचिन्हं निघाली होती.

मग समितीचे चिटणीस जेम्स सर पानं चाळत हसले होते. "अहो बाई, हे भाषांतर आहे की कोडं? इंग्रजीच्या प्राध्यापक ना तुम्ही?" 'काढून टाका' असं ते मुळीच म्हणाले नव्हते. हे तिला आज स्वतःशी कबूल करावं लागलं, कारण दोन महिने ती मनातल्या मनात त्यांच्याच नावावर खापर फोडत आली होती. आपलं इंग्रजी कच्चं आहे असं गावाला वाटेल, एवढ्या एका धास्तीनं तिनं त्या संध्याकाळी एक्केचाळीसांपैकी अकरा ठिकाणची प्रश्नचिन्हं आणि टिपा पुसल्या. जे जवळचं वाटलं ते ठेवून दिलं. वीस मिनिटांचं काम होतं आणि त्यानंतर तिला छान झोप लागली होती!

अकरातला एक शब्द बनुबाईचा. 'लहानग्यांसाठी बी.नं तिच्या झोपडीत दोन पायल्या...' आणि मूळ इंग्रजीतला तीन अक्षरी शब्द 'हिड' की 'हॅड'? लपवल्या, की नुसत्या होत्या? तिनं छापलं होतं 'लपवल्या'. मधलं अक्षर म्हणजे शाईचा एक उंचवटा. ठिपका नाही, पण ठिपका तर बाई शेजारच्या ओळीतही विसरली होती. अक्षर बंद आहे म्हणावं तर शाई पसरलेली. लहानगे कुणाचे, तिचे की मिशनचे, तेही लिहिलेलं नाही. आराधनानं फोटो मोठा केला, उजेड वाढवला, वहीतले दोन्ही शब्द शोधून शेजारी ठेवून पाहिले. काही ठरेना. आणि असं काही ठरत नसताना तिनं एका मेलेल्या बाईला चोर ठरवलं होतं. तिला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी ती याकोबकाकांच्या वस्तीवर गेली. काका गोठ्यात होते. त्यांनी खाट झटकून दिली, सुरेखाकाकूंना चहा टाकायला सांगितला. या माणसाला आपला राग कसा येत नाही, या विचारानं तिला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, माझ्याकडून चूक झाली," ती म्हणाली आणि मोबाईलवर ते पान काढलं. "हा शब्द मला लागला नव्हता. लपवलं असंही वाचता येतं, नुसतं होतं असंही. म्हणजे पोरांसाठी म्हणून तिच्याकडे ठेवायला दिलेलं असू शकतं. मला शंका होती. मी ती छापली नाही."

काकांनी मोबाईल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. तरी बराच वेळ ते त्या उंचवट्याकडे पाहत राहिले.

"तुमी शिकल्यासवरलेल्या," ते म्हणाले. "तुमाला काय वाटतं? खरं काय हाय?"

त्यांचा चेहरा पाहून तिच्या जिभेवर 'होतं' हा शब्द आलाच होता. एवढं एक म्हटलं असतं तर म्हाताऱ्याचं मन निवलं असतं, तिचं ओझं उतरलं असतं, आणि कुणाला कधी कळलंही नसतं. पण प्रश्नचिन्हं पुसतानाही नेमकं असंच झालं होतं.

"मला माहीत नाही, काका. सांगता येत नाही. दुसरा कुणी जाणकार मूळ वही पाहील तर कदाचित लागेल, कदाचित नाही."

"म्हंजी चोरलं न्हाई असंबी न्हाई."

"नाही. तसंही म्हणता येत नाही."

काकांनी मोबाईल परत दिला. "बाई, पुस्तकात इचारायचं चिन्ह असतं, तर मी तुमाला इचारलं असतं," ते सावकाश म्हणाले. "चिन्ह नव्हतं म्हून मी कुणालाच इचारलं न्हाई. भर मंडळीत माझ्या तोंडानं तिला चोर म्हनलो."

ती रडली. काकांनी तिला थांबवलं नाही, समजावलंही नाही. चहा निवून गेला. निघताना ती म्हणाली, "येत्या रविवारी मी उभी राहून सगळं सांगणार आहे. तुम्ही या." त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची की कशाची, तिला कळलं नाही.

रविवारी तिनं हातात कागद घेतला आणि अकराच्या अकरा जागा वाचून दाखवल्या. कुठे दोन वाचनं, कुठे तीन, कुठे काहीच लागलं नाही. जेम्स सर खाली मान घालून ऐकत होते. दुरुस्तीचं पान प्रत्येक प्रतीत चिकटवायचं ठरलं. बनुबाईच्या शब्दाशी आल्यावर तिनं पुरुषांच्या बाजूला पाहिलं. काकांची जागा रिकामी होती.

उपासना संपल्यावर तिनं सुरेखाकाकूंना दाराशी गाठलं. "काका आले नाहीत? रागावलेत का?"

"राग न्हाई," काकू म्हणाल्या. "पहाटंच कबरस्थानात गेलेत. म्हनले, बाईनं मंडळीम्होरं सांगितलं की तिचं काम झालं, माझं न्हाई. मी बनुबाईला चोर म्हनलो, तिची माफी मलाच मागाया पायजे."