लिंबाचा पहिला वास

आता बनत नसलेल्या परफ्यूमच्या जुन्या बाटल्या विकत घेणाऱ्या बाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीला जाड पडदा, कारण उन्हाने वास मरतो. बाटल्या खोक्यांत आणि खोकी कपाटात. पाहुण्याला बसायला एकच खुर्ची होती. तिच्यावर बसलेल्या सूनबाईंनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली.

"सासूबाईंची. त्या मागच्या वर्षी वारल्या. हिला घरातून काढायचीय."

"काढायचीच आहे, की विकायचीय?"

"संध्याकाळ झाली की घरात हाच वास येतो. जिन्यात, त्यांच्या खोलीत, कधी माझ्या उशीला. हे म्हणतात, तुला भास होतो. मला वाटतं, हेच गुपचूप फवारतात. आईचा लाडका लेक! विचारलं की चिडतात. आता या वासाचा उगम सापडला नाही, तर मी त्या घरात राहणार नाही."

बाईंनी बाटली उजेडात धरली. द्रव चहासारखा गडद झाला होता. रंगावरून त्या कधीच निकाल देत नसत. चांगला मालही गडद होतो. बुचाचा वास घेऊनही त्यांचं समाधान होत नसे, कारण बाटलीच्या गळ्याशी सुकलेला थेंब आंबतोच, आत माल ठणठणीत असला तरी. त्यांनी कागदाच्या पट्टीवर थेंब सोडला, पट्टी हलवली आणि वाट पाहिली.

आधी नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला, मग शिळ्या तेलाचा. बऱ्याच वेळाने तळाशी थोडं चंदन लागलं. मध्ये यायला हवीत ती फुलं नव्हतीच.

"बिघडलाय. परफ्यूम म्हणून मी हा कुणाला विकणार नाही. रिकाम्या बाटल्या जमवणारे आहेत, ते देतात त्या दराने घेईन. थोडेच पैसे येतील."

सूनबाईंनी पट्टी नाकाशी नेली आणि झटकन दूर केली.

"हा नाही."

"काय नाही?"

"आमच्या घरात येतो तो हा नाही. तिथे आधी लिंबू येतं. ताजं, आत्ता कापल्यासारखं. मग फुलं."

बाईंनी पट्टी पुन्हा हुंगली. "लिंबू सगळ्यात आधी मरतं. या बाटलीत त्याचा टिपूससुद्धा उरलेला नाही. म्हणजे घरात दुसरी बाटली आहे. शोधा."

दुसऱ्या दिवशी सूनबाई नवऱ्यालाच घेऊन आल्या.

"ह्यांच्या कपाटात मिळाली. शर्टांच्या मागे."

"आईसाठी तसलीच मागवली होती," नवरा म्हणाला. "ती गेल्यावर पोहोचली. ठेवून दिली. एवढंच."

"एवढंच! आणि वर्षभर मला वेडी ठरवलंत!"

बाईंनी त्यांनी आणलेलं खोकं उघडलं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. काचेच्या बुचावर पातळ पापुद्रा ताणून बसवलेला, त्याभोवती कारखान्यात बांधलेला सोनेरी दोरा. गाठीवरचं मेण शाबूत होतं. त्यांनी भिंगातून दोनदा पाहिलं.

"ही कधीच उघडलेली नाही."

नवरा हळूच म्हणाला, "मी फवारत नाही, सांगत होतो ना."

"मग वास कुठून येतो, अहो?"

तो खाली बघत म्हणाला, "मलाही येतो. तू घाबरशील म्हणून भास म्हणालो."

बाई आपल्या कामावर आल्या. "बंद बाटलीला जास्त भाव मिळतो, पण ती चांगलीच असेल असं नाही. उन्हात राहिली तर बंदही बिघडते. उघडल्याशिवाय मी हमी देणार नाही, आणि उघडली की भाव पडेल. लोक मागतात तो आकडा धरू नका. अशी बाटली प्रत्यक्षात ज्या किमतीला विकली गेली, तोच भाव मी धरते. ठरवा."

"उघडा," सूनबाई म्हणाल्या.

नवऱ्याने मान डोलावली. बाईंनी दोरा कापला, पापुद्रा काढला, बूच अलगद फिरवून सोडवलं. नवी पट्टी बुडवली.

लिंबू. आत्ता कापल्यासारखं. त्यामागून फुलं आली, दमाने, एकेक करत. असा माल बाईंच्या हाती क्वचितच आला होता.

"हाच," सूनबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याची बाही घट्ट धरली होती. "हाच आहे."

"सांगा मग भाव," नवरा म्हणाला.

बाईंनी बूच बसवलं. भाव त्यांच्या जिभेवर तयार होता, आणि गिऱ्हाईकही डोळ्यांसमोर होतं. तरी त्यांनी बाटली खोक्यात ठेवून खोकं परत सरकवलं.

"ही मी घेत नाही."

"का? बिघडलेली नाही ना?"

"अजिबात नाही. पण मी विकते त्या बाटलीबद्दल जे ठाऊक असेल ते सगळं गिऱ्हाइकाला सांगते. हिच्याबद्दल काय सांगू?"

नवऱ्याने हात पुढे केला, पण खोकं आधी सूनबाईंनी उचललं. पिशवीत टाकलं नाही, छातीशी धरलं.

"चला," त्या म्हणाल्या. "संध्याकाळ व्हायच्या आत घरी पोहोचू. आपण नसताना सासूबाई एकट्या असतात."