मार्तंडरावांची पांढरी पँट

विक्रोळीच्या पंप कारखान्यात वसुधाची नोकरी दीड मीटरवर अडून बसली होती. तिने डिझाइन केलेल्या पहिल्याच इम्पेलरने, पंपातल्या पाणी फिरवणाऱ्या चाकाने, टेस्टला वीस मीटर हेड द्यायला, म्हणजे पाणी तेवढं उंच चढवायला हवं होतं, देत होता साडेअठरा. आज नाही दिलं तर प्रोबेशन संपलं, बाई घरी. डिझाइन खात्याचे प्रमुख मार्तंडराव हे आधीच जाहीर करून बसले होते, आणि मुलींना मशिनं जमत नाहीत हेही.

वसुधाने रात्रभर इम्पेलरमधल्या पाण्याच्या वेगांचे त्रिकोण पुन्हा काढले. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा त्रिकोण चोख होता. आत येणाऱ्या पाण्यापाशी मात्र सगळ्यांसारखंच तिनेही गिरकी शून्य धरली होती. पाणी शहाण्यासारखं सरळ येतं म्हणे!

सकाळी तिने टेस्टचा पंप जिच्यातून पाणी ओढायचा त्या गोल टाकीत डोकावून पाहिलं. शहाणं कुठलं, पाणी गरगरत होतं. पंपातून टाकीत परतणारा पाइप तिच्या भिंतीला चिकटवून वळवलेला.

"धाकू, हा पाइप कोणी वाकवला?"

"साहेबांनी, बाई," फिटर धाकू म्हणाला. "गेल्या आठवड्यात. पाणी सरळ पडून त्यांच्या नव्या पांढऱ्या पँटवर उडत होतं ना."

वसुधा रागाने लाल झाली. तिच्या नोकरीची वाट लागली होती ती एका पँटपायी! ती तडक मार्तंडरावांसमोर उभी राहिली.

"साहेब, इम्पेलर नवी गिरकी देतो तेवढंच हेड मिळतं. पाणी आधीच त्याच दिशेने फिरत आलं, तर ती आयती आणलेली गिरकी वजा होते. आपली टाकी ते फिरवूनच पाठवतेय. पाइप सरळ करा."

मार्तंडरावांनी पँटच्या इस्त्रीवरून हात फिरवला. त्रिकोण त्यांनाही कळत होते, म्हणून तर ते अस्वस्थ झाले.

"मग उलट दिशेला वळवा की! हेड वाढेल, पँटही कोरडी."

"वाढेल, साहेब. मोटरवर भारही वाढेल. आणि गिऱ्हाईकाच्या विहिरीत पाणी उलटं फिरवायला कोण उतरणार? तुम्ही?"

धाकू खोकला. हसू लपवायला त्याला दुसरं काही सुचलं नाही.

पाइप सरळ झाला. हेड दाखवणारा गेज टाकीला लागूनच, आणि आकडा वाचायचा तो फक्त साहेबांनी, हा त्यांचाच नियम. पंप सुरू झाला, झडप ठरल्या प्रवाहापर्यंत उघडली. पाणी धबाधबा कोसळलं आणि मार्तंडराव कमरेपासून खाली न्हाऊन निघाले. पण गडी हलला नाही. चष्म्यावरचे शिंतोडे पुसून त्यांनी काटा पाहिला.

"वीस," ते म्हणाले. मग पुन्हा वाकले. "वर थोडंसंच."

वसुधाला रडू आणि हसू एकदमच फुटलं.

"आजपासून तुम्ही कायम," मार्तंडराव पँट पिळत म्हणाले. "आणि कायम झालातच, तर पहिलं काम ऐका. पाणी न फिरवता माझी पँट कोरडी ठेवून दाखवा."