पाचवीच्या कप्प्यातली भाची

शाळेत मुलं मला पाठीमागे ‘पाचबोटे सर’ म्हणतात. समोर नुसतं ‘सर’. मी शाळेचा ग्रंथपाल. कुठल्या मुलाच्या हातात कुठलं पुस्तक पडावं, हे या पृथ्वीतलावर फक्त मलाच कळतं, असा माझा बरेच दिवस समज होता.

माझी पद्धत तशी साधी आहे. आधी शब्दांच्या पट्ट्या. प्रत्येक इयत्तेची एक पट्टी, तिच्यावर दहा शब्द. मुलानं अक्षर अक्षर न जुळवता शब्द बघताक्षणी ओळखायचा. बहुतेक ओळखले की पुढची पट्टी, अडखळायला लागलं की तिथं थांबायचं. मग गप्पा मारत विचारायचं, तुला काय आवडतं. शेवटी पाच बोटांची परीक्षा. पुस्तकाचं मधलंच एक पान उघडायचं, मूठ मिटायची आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट उघडायचं. एखादं बोट उघडलं किंवा एकही नाही, तर पुस्तक सोपं. दोन-तीन उघडली तर अगदी मापाचं. चार म्हणजे कुणीतरी शेजारी बसलेलं बरं. अख्खा पंजा उघडला की पुस्तक आदरानं जागेवर ठेवायचं आणि पुन्हा केव्हातरी भेटायचं.

माझी धाकटी बहीण तिच्या मुलीला घेऊन आली तेव्हा मी हे सगळं तिलाही ऐकवलं. भाची नुकतीच आमच्या शाळेत तिसरीत आली होती.

“दादा, व्याख्यान नको. पुस्तक दे,” बहीण म्हणाली. “हिला वाचायला येतं, पण ही वाचत नाही. काहीतरी कर.”

मी पट्ट्या काढल्या. पोरीनं तिसरीची पट्टी सुपारी फोडावी तशी कडाकड फोडली. चौथीचीही. पाचवीचीही! सहावीच्या पट्टीवर कुठं तिची गाडी जरा अडली. माझी छाती अशी फुगली की शर्टाच्या बटणांची काळजी वाटावी. बाकीच्या मुलांना मी प्रत्येक पट्टीवरच्या दोन-तीन शब्दांचा अर्थ विचारतो, वाक्यात वापरून दाखवायला सांगतो. इथं ते राहूनच गेलं. मामाच हवेत होता, विचारणार कोण?

“काय आवडतं तुला?”

“गोगलगाय. ती पाठीवरच्या घरात शिरते ना, तेव्हा आत काय करते?”

मी कागदावर लिहिलं, ‘प्राणी’. आणि पाचवीच्या कप्प्यातून प्राणिजगतावरचं एक जाडजूड पुस्तक काढलं. “वाच. वाचता आलं नाही की बोट उघडायचं.”

तिनं पान घडाघडा वाचलं. मूठ मिटलेलीच. मला तर वाटलं, हेही तिला सोपंच जाणार. दुपारी शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना मी सहज म्हणून सगळ्यांना ऐकवलं, की आमच्या घरात वाचन रक्तातच आहे. सहज म्हणजे तीनदा.

पुढच्या आठवड्यात वाचन तासाला मुख्याध्यापिका ग्रंथालयात आल्या. “हीच ना तुमची पाचवीचं वाचणारी भाची?” त्यांनी विचारलं. मी नम्रपणे मान खाली घातली. नम्रता मला छान जमते.

भाची उभी राहिली आणि तिनं खणखणीत आवाजात वाचलं, “मृदुकाय प्राण्यांचे कवच चुनखडीयुक्त स्रावापासून घडते.”

“वा! म्हणजे काय गं?”

“म्हणजे...” तिनं पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “म्हणजे मृदुकाय प्राण्यांचे कवच चुनखडीयुक्त स्रावापासून घडते.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. मुख्याध्यापिकांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि त्या गेल्या. ती खाली बसली. तिनं पुस्तक मिटलं आणि बाकावर डोकं टेकलं.

तास संपल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. “मामा, मला पुस्तक नको. आता कधीच नको. वाचन तासाला मी नुसती बसेन.”

“अगं, पण तुला इतकं छान वाचता येतं...”

“येतं, पण आत काहीच होत नाही. बाकीचे आपापलं पुस्तक वाचताना मध्येच हसतात. मी ढ आहे.”

मला काय वाटलं ते सांगतो. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पोरीला पुस्तकाची गोडी लागावी म्हणून बहिणीनं माझ्याकडे आणली आणि मी आठवड्याभरात तिला पुस्तकातून कायमची उठवायला निघालो होतो.

“मग बोट का नाही उघडलंस?”

“तुम्हीच म्हणालात, वाचता आलं नाही तर उघड. मला तर आलं.”

बरोबरच होतं तिचं. आपली लिपी भारी लबाड आहे. अक्षरं आणि काना-मात्रे पक्के असले की शब्द जिभेवरून सुरळीत घसरतो, डोक्याला पत्ताही लागत नाही. हे मला माहीत होतं. म्हणून तर मी अर्थ विचारतो. शेजाऱ्यांच्या मुलांना विचारतो, परक्यांच्या मुलांना विचारतो, फक्त घरच्या मुलीला विचारलं नव्हतं.

मी तेच पान पुन्हा उघडलं. “आता असं कर. शब्द वाचता आला, पण कळला नाही, तरी बोट.”

दुसरी ओळ संपायच्या आत पंजा उघडला. तिनं दुसऱ्या हाताचीही मूठ पुढं केली. “पुरे,” मी म्हणालो.

मग पट्ट्या नव्यानं. या वेळी शब्द वाच आणि वाक्यात वापर. तिसरीची पट्टी तिनं मजेत पार केली. चौथीच्या पट्टीवर निम्म्या शब्दांना खांदे उडवले. तिसरीतल्या मुलीला तिसरीचं नीट कळतं, ही कुणालाही वाईट बातमी वाटली नसती. मला क्षणभर वाटली, इतका मी पोचलेला आहे.

“गोगलगाय आत काय करते, हेच हवंय ना तुला?”

तिनं मान डोलावली. मी प्राणिजगत बाजूला ठेवलं आणि तिसरीच्या कप्प्यातून एक पातळ पुस्तक शोधून काढलं. सबंध पुस्तकात एकच गोगलगाय आणि ती ऊन वाढलं की काय काय करते, एवढंच. मधलं पान उघडलं. वाचता वाचता तिची दोन बोटं उघडली. “कवच म्हणजे? आणि ओलावा?” मी सांगितलं. ती पुस्तक घेऊन गेली, पण पकडलं होतं दोन बोटांत, कधीही टाकून देता येईल असं.

पुढच्या वाचन तासाला मुख्याध्यापिका दारातच थबकल्या. “काय हो, आज पातळ पुस्तक?” सगळ्या वर्गानं माना वळवल्या. भाचीनं पुस्तक झटकन मांडीत लपवलं.

चहाच्या वेळी तीनदा मारलेली बढाई डोळ्यांसमोर उभी राहिली. काहीतरी सारवासारव करावी, असं फार वाटलं. पण ती माझ्याकडे बघत होती.

“पुस्तक बरोबर आहे, बाई,” मी वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालो. “मागचं चुकलं होतं. तिचं नाही, माझं. मी तिला अर्थ विचारलाच नव्हता.”

“असं होय,” बाई म्हणाल्या आणि पुढं गेल्या. पोरांना माझी फजिती चांगलीच आवडली. त्यांना हसू दिलं.

जरा वेळानं पुस्तक मांडीतून बाकावर आलं. मी कपाटं लावल्याचं नाटक करत तिच्या मागे घुटमळत होतो. अचानक ती एकटीच खुदकन हसली.

मला राहवेना. “काय गं? काय झालं?”

तिनं मान वर न करता पान उलटलं. “माझं झालं की देते. तुम्ही वाचा ना स्वतः.”

मग तिला काय वाटलं कोण जाणे, हळूच म्हणाली, “नाही कळलं तर बोट उघडा, मामा. मी सांगेन.”