धनेशच्या गालावरचा उजेड

शेवंतीबाई स्टुडिओत आल्या त्या चप्पल काढूनच. लालबागमधल्या माझ्या या छोट्या स्टुडिओत कोणी चप्पल काढत नाही, पण त्या नेहमी काढतात.

"मास्तरानू, माझ्या झिलाक घराक आणा," त्या म्हणाल्या.

मागे त्यांची मुलगी अनुजा उभी होती. दहा वर्षांची असताना ती माझ्या सुट्टीतल्या वर्गात चित्रकला शिकायला आली होती. आता माझ्याकडचं फोटो दुरुस्तीचं सगळं काम तीच बघते. तिचा भाऊ धनेश, बाईंचा झील, मालवाहू जहाजावर आहे. तेवीस दिवस त्याचा फोन नव्हता. त्या सकाळी कंपनीची मेल आली होती. जहाज तपासणीसाठी थांबवलंय, सगळे सुखरूप आहेत, आपापल्या कामावर आहेत. सोबत एक फोटो. डेकवर उभा धनेश, मागे रेलिंग, त्यामागे समुद्र.

शेवंतीबाईंना त्याच्यामागे समुद्र नको होता. डिलाईल रोडच्या चाळीत, त्यांच्या दारात, त्यांच्याशेजारी तो उभा हवा होता. दारातला त्यांचा फोटो दिवाळीचा होता. दारावरच्या बल्बचा पिवळा उजेड त्यांच्या उजव्या बाजूला पडलेला.

"उजवी म्हणजे कोणाची, काका?" अनुजा लहानपणी विचारायची. "आपण बघतो त्या बाजूची," मी सांगायचो. आजही आम्ही तेच धरतो.

मी बाईंना पुढच्या बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि आम्ही दोघं आतल्या कॉम्प्युटरपाशी गेलो.

माणूस एका फोटोतून कापून दुसऱ्यात ठेवायचा तर कात्रीला आधी हात लावायचा नाही. आधी उजेड वाचायचा. तो कुठून येतो, कडक आहे की मऊ, पिवळा आहे की निळा. दोन्ही फोटोंचं उत्तर जुळलं तर काम सोपं, नाहीतर माणूस भिंतीवर चिकटवलेल्या कॅलेंडरसारखा दिसतो. मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

अनुजाने धनेशचा चेहरा मोठा केला. उजवा गाल, हनुवटीची खालची बाजू, शर्टाची उजवी बाही, सगळं नारिंगी-पिवळं.

"अरे वा, जुळतंय," मी म्हणालो. "घरच्या बल्बसारखाच आहे."

ती पडद्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "काका, डेकवर ऊन आहे. बल्ब कुठून आला?"

मी चष्मा नीट केला. रेलिंगच्या सावल्या आपल्याकडे, उजवीकडे आल्या होत्या. म्हणजे सूर्य मागून, डावीकडून. चेहऱ्यावर उजेड मात्र समोरून, उजवीकडून. समुद्र निळा, चेहरा पिवळा.

तिने खांदा आणखी मोठा केला. डाव्या बाजूला, कानापासून खांद्यापर्यंत पांढरी बारीक रेघ होती. घाईत कापलेल्या फोटोला अशी रेघ राहते, जुन्या पार्श्वभूमीचा उरलेला काठ.

"हा डेकवर नाहीच," ती म्हणाली. "कुठल्यातरी खोलीत, बल्बखाली फोटो काढलाय. आणि डेकवर चिकटवलाय."

बाहेरून हाक आली, "झाला काय गो? गोरो करू नको हां त्याका, हा तसोच बरो."

"करते गं, आई!" अनुजा मोठ्याने म्हणाली.

इतकी वर्षं मुलांना सांगत आलो की घाबरलात तर दिसतं ते मोजा. म्हणून म्हटलं, "ती रेघ दुसऱ्या बाजूने दाखव."

दुसऱ्या बाजूला रेघ नव्हती.

"वाईट कापणाऱ्याची रेघ एकाच बाजूला राहते का गं?"

"सगळीकडून राहते," ती म्हणाली. "ही फक्त सूर्याच्या बाजूला आहे." ती थांबली. "म्हणजे ही मागून आलेल्या उन्हाची कडा आहे?"

"असेल. आता खांद्याचा माथा मोज."

तिने कर्सर पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर नेला. पडद्यावरच्या रंगांच्या आकड्यांत लालपेक्षा निळा जास्त होता. एका बल्बच्या बंद खोलीत वरून निळा उजेड येत नाही. तो उघड्या आकाशाचा असतो.

"मग नारिंगी कुठून?"

कपाटावर मुलांच्या हस्तकलेचा नारिंगी पुठ्ठा होता. मी तिला मागच्या दाराकडे पाठ करून उभं केलं आणि पुठ्ठा तिच्या गालाजवळ उन्हात धरला. भिंतीवरच्या आरशात तिने स्वतःला पाहिलं. गाल नारिंगी झाला होता.

"लाइफबोट," ती म्हणाली. "त्याच्या जहाजावरच्या लाइफबोटी नारिंगी आहेत. फोटोच्या बाहेर, उजवीकडे असेल. ऊन तिच्यावर पडतंय आणि तिथून याच्यावर." ती धावत खुर्चीवर बसली. धनेशच्या मागच्या रेलिंगचा खांब तिने मोठा केला. त्याचीही उजवी बाजू नारिंगी होती. "खोटं करणारा खांबाला कशाला रंग लावेल? काका, तो तिथेच आहे. खराच उभा आहे!"

ती हसली. मीही हसलो. नेमकं तेव्हाच मला डेकवरची एक सावली दिसली.

फोटोच्या डाव्या कडेतून ती आत आली होती. मघाशी मी ती पाइपची समजलो होतो. आता फोटो खरा ठरला, म्हणून ती पुन्हा बघावी लागली. सूर्याच्या बाजूला, चौकटीबाहेर कोणीतरी उभं होतं. डोकं, खांदा, आणि खांद्यावरून वर गेलेला सरळ लांब दांडा. अनुजाने सावली उजळ केली. दांड्याला खाली वाकडा दस्ता होता.

बंदूक होती ती.

अनुजाने मेलमधली ओळ पुन्हा वाचली. 'सगळे आपापल्या कामावर आहेत.' मेल बाजूच्या खिडकीत उघडीच होती. धनेश कामावर नव्हता, बंदुकीच्या पहाऱ्यात होता.

"आईला सांगायचं?" अनुजाने विचारलं.

"आधी तिचं काम कर," मी म्हणालो.

तिने धनेशला कापलं. चाळीच्या दारात ठेवलं. गालावरचा नारिंगी बल्बच्या पिवळ्यापर्यंत उतरवला. खांद्यावरचा निळा काढला, कारण दारात आकाश नव्हतं. उन्हाची ती पांढरी कडाही पुसली. शेवटी त्याची मऊ सावली डावीकडे, आईच्या सावलीच्या दिशेने रंगवली. इतकं चांगलं काम तिने कधी केलं नव्हतं.

शेवंतीबाईंनी छापलेला फोटो दोन्ही हातांत धरला. "हो आपल्या घरचोच उजेड," त्या म्हणाल्या. "फक्त हसत नाय मेलो."

"दमला असेल गं," अनुजा म्हणाली. "तू हो पुढे. मी येते मागून."

त्या चप्पल घालून उतरल्या. अनुजा परत आत गेली. पडद्यावर मूळ डेक होता, आणि जिथून धनेशला उचललं होतं तिथे माणसाच्या आकाराची रिकामी जागा. बंदुकीची सावली त्या जागेपर्यंत पोचली होती.

तिने धनेशला परत जागेवर ठेवलं आणि मूळ फोटोच्या दोन प्रती काढल्या. कंपनीला काही कळवायचं नाही, असं आम्ही ठरवलं. त्यांना माहीत असणारच, तरी मेलमध्ये त्यांनी लपवलं. जहाजांच्या सरकारी कार्यालयात जायचं आणि थेट मोठ्या साहेबांच्या हातात द्यायचं.

"आपण बोललो हे तिकडे कळलं तर, काका? त्या बंदूकवाल्याला?"

मी दोन्ही प्रती लिफाफ्यात घालून तिच्या हातात दिल्या.

"फोटो आजचाच आहे ना?" तिने पुन्हा विचारलं.

"उजेडावरून वेळ कळते, बाळा," मी म्हणालो. "दिवस कळत नाही."

तिने लिफाफा छातीशी धरला. मी शटर ओढलं आणि आम्ही रस्त्यावर उतरलो.