मार्चच्या पत्रातले एकेचाळीस थांबे

मी आयुष्यभर थापा मारत आलोय. आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत मला थापाकाकाच म्हणतात, आणि मी ते नाव मिरवतो. संपादकांना शिंक आली की खालच्या मजल्यावरचं छपाईयंत्र अर्धा मिनिट बंद पडतं, हे मी शपथेवर सांगितलंय आणि नव्या माणसांनी ते खरंही मानलंय. पण त्या आठवड्यात मी एकही थाप मारली नाही. तोंडाला कोरड पडली होती, थाप कुठून फुटणार?

आमच्याकडे एक वार्ताहर आहे, तिला सगळे सुई म्हणतात. शिवत नाही, टोचते म्हणून. तिच्यावर रविवारचं विश्लेषण सोपवलं होतं: गरोदर बायकांसाठीच्या फिरत्या दवाखान्यांची योजना वर्षभरात का फसली? गाड्या आल्या, डॉक्टर आले, औषधं आली, बायका मात्र अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्यानेच आल्या. सोमवारी योजनेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंची खातेनिहाय चौकशी होती. लेखात जे छापून येईल ते चौकशीच्या टेबलावर जाणार, हे लहान पोरालाही कळत होतं.

आणखी एक गोष्ट होती. सुईचा नवरा त्याच खात्यात आवक-जावक विभागात कारकून. गरीब माणूस. स्वतःच्या सावलीलाही ‘आपण आधी’ म्हणणारा. हे नातं सुईने पहिल्याच दिवशी संपादकांना सांगून टाकलं होतं. संपादक म्हणाले, “त्याच्याकडून एक कागद घ्यायचा नाही, एक शब्द विचारायचा नाही. लेखाखाली हे नातं छापायचं. जमेल?”

“जमेल,” ती म्हणाली.

तिच्या पहिल्या खर्ड्याची पहिली ओळ होती: ‘हे होणारच होतं.’ संपादकांनी त्यावर अशी रेघ मारली की कागद फाटला.

“होणारच होतं, तर योजना सुरू झाली त्या दिवशी तू काय लिहिलं होतंस?”

सुईने जुना अंक काढला. तिनेच लिहिलं होतं: ‘माता दारात, दवाखानाही दारात.’ तिचे कान लाल झाले.

“आज शहाणं होणं फुकट आहे,” संपादक म्हणाले. “त्या दिवशी टेबलावर काय होतं ते दाखव. जे त्या दिवशी कुणाला कळणं शक्यच नव्हतं, त्याबद्दल कुणाला फासावर द्यायचं नाही.”

मग सुईने भिंतीला दोरी बांधली आणि तारखांच्या क्रमाने कागद चिमट्यांनी लटकवले. मध्ये लाल चिंधी, म्हणजे मार्चमधला निर्णयाचा दिवस. चिंधीच्या डावीकडे फक्त त्याआधीचे कागद. वाळत घातलेल्या कपड्यांसारखं ते दिसायचं, आणि येताजाता मी म्हणायचो, “सुई, सरकार अजून ओलंच आहे गं.”

त्या दोरीने बऱ्याच पक्क्या समजुती धुऊन काढल्या. लोक म्हणत, रस्ते वाईट, गाड्या पोचल्याच नाहीत. गाड्यांच्या नोंदवहीत दर शंभर फेऱ्यांपैकी चौऱ्याण्णव वेळेवर होत्या. ती स्वतः आठ वस्त्यांत जाऊन बायकांना विचारून आली, नोंदी खऱ्या निघाल्या. मग? सकाळी दहाला गाडी यायची तिथे सरासरी सात बायका. दुपारी चारनंतर यायची तिथे एकतीस. संपादकांनी लगेच विचारलं, “चारवाल्या वस्त्या मोठ्या असतील तर?” तिने तेही पाहिलं होतं. आकार सारखाच होता. शिवाय तीन थांब्यांवर वर्षाच्या मध्यात रस्त्याच्या कामामुळे वेळ सकाळची संध्याकाळवर गेली, आणि त्याच वस्त्यांत आकडा चौपट झाला. सकाळी बायका खोक्यांच्या कारखान्यांत कामाला असायच्या.

“मग हे आधी कळलं नाही?” मी विचारलं.

“काका, हीच तर गंमत. आधी चाचणी घेतली होती. दोन महिने, सकाळीच, आणि गर्दी झाली होती. त्या दोन महिन्यांत कारखाने दुरुस्तीसाठी बंद होते. बायका घरी होत्या. चाचणीच्या अहवालात त्याचा उल्लेखच नाही. मार्चमध्ये टेबलावर होता तो कागद चांगलाच होता.”

म्हणजे मार्चचा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. चूक पुढे होती. जूनपासून दर महिन्याला थांब्यागणिक आकडे डॉक्टरीणबाईंच्या वरच्या उपसंचालकांच्या टेबलावर जात होते, पोच घेऊन. जुलैत डॉक्टरीणबाईंनी ‘वेळा बदलू द्या’ असं लिहूनही दिलं होतं. त्यावरही पोच होती. उत्तर नव्हतं. नऊ महिने.

बुधवारी मात्र एक निनावी पाकीट आलं. आत पत्राची प्रत: मार्चची तारीख, उपसंचालकांची सही, डॉक्टरीणबाईंच्या नावे. ‘सकाळची वेळ ठेवल्यास कामगार स्त्रिया येणार नाहीत. एकेचाळीस थांब्यांवर योजना फसेल. वेळ संध्याकाळची करावी.’ म्हणजे साहेबांनी बजावलं होतं आणि बाईंनी ऐकलं नव्हतं! सुईने फोन केला तेव्हा बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, “असं पत्र मला कधीच मिळालं नाही हो. पण मी सिद्ध काय करू? न मिळालेल्या पत्राची पोच कुठून आणू?”

त्याच दुपारी सुईच्या नवऱ्याचा फोन आला. मी शेजारीच होतो, त्याचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

“अगं, साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा दिला. सात वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, सीमेवरच्या कार्यालयात एक जागा रिकामी आहे, हवा फार चांगली आहे.”

सीमेवरचं कार्यालय म्हणजे दोन दिवसांचा प्रवास. तिथून परत आलेला माणूस मी पाहिलेला नाही, आणि यात थाप नाही.

“तुम्ही काय म्हणालात?” सुईने विचारलं.

“चहा छान आहे, म्हणालो.”

तिने फोन ठेवला. मग ते पत्र तिने लाल चिंधीच्या डावीकडे लटकवलं. चिमटा दोनदा हातातून पडला.

गुरुवारी मजकुराची मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली. लेखात आता दोन शेवट होते, एकात दोष बाईंचा, दुसऱ्यात साहेबांचा; कुठला ठेवायचा ते ठरेना. मी दोरीपाशी उभा राहून ते पत्र वाचलं. एकदा, दोनदा.  थापा मारणाऱ्याला दुसऱ्याची थाप वासावरून कळते. खोट्या गोष्टीत एकच अवगुण असतो: तिला शेवट आधीपासून माहीत असतो. हे पत्र फारच हुशार होतं. मार्चमध्ये बसून त्याला पुढच्या मार्चचं सगळं दिसत होतं.

“सुई, थांबे किती होते गं?”

“एकेचाळीस.”

“कधीपासून?”

 ती धावत दोरीच्या डावीकडे गेली. मार्चच्या मंजूर यादीत छत्तीस थांबे. मग उजवीकडे. ऑगस्टच्या शुद्धिपत्रकात पाच वाढवलेले. छत्तीस आणि पाच.

“काका,” ती कुजबुजली, “मार्चमध्ये एकेचाळीस हा आकडा जगात कुणाकडेच नव्हता.”

आम्ही दोघंही हसलो नाही. पत्र खरं असतं तर बाई बुडाल्या असत्या. खोटं निघालं, तर ते करणारा माणूस तिच्या नवऱ्याला चहा पाजत होता.

नियम असा की ज्याच्याविषयी लिहायचं त्याला आधी विचारायचं. सुईने उपसंचालकांना लेखी प्रश्न पाठवले. उत्तर आलं नाही. शुक्रवारी दुपारी ते स्वतःच आले. खाली पांढरी गाडी उभी राहिली आणि आमच्या मजल्यावरचं बोलणं एकेका टेबलावरून विझत गेलं. ते सुईच्या खुर्चीत बसले. ती उभी.

“वहिनी,” ते अगदी मायेने म्हणाले, “तुमचे यजमान फार साधे आहेत हो. अशा माणसांना लांबची हवा मानवत नाही.”

“साहेब, मार्चमध्ये एकेचाळीस थांबे कुठून आले?”

“म्हणजे?”

“मंजूर यादीत छत्तीस होते. पाच ऑगस्टमध्ये वाढले. तुमच्या पत्रात मार्चमध्येच एकेचाळीस आहेत.”

दोरीवरचे कागद पंख्याने फडफडत होते. साहेबांनी ते डावीकडून उजवीकडे पाहिले, लाल चिंधीवर नजर थांबली. कपाळावर घामाचा एक थेंब आला आणि भुवईत मुरला.

“आमचा अंदाज होता,” ते म्हणाले.

“हेच छापू?”

ते उठले. जाताना हळूच म्हणाले, “मी आज काहीच बोललो नाही. आणि तुम्ही नीट विचार करा.” जिन्यातली त्यांची पावलं मी मोजली. बावीस. मग गाडीचं दार.

सुई आपल्या खुर्चीत परत बसली. “घरी काय सांगू, काका?”

“खरं सांग. माझ्याकडून नको शिकूस.”

तिने सांगितलं. नवरा ऐकत होता, म्हणाली, आणि इस्त्री फिरवत होता. एकच सदरा तीनदा. शेवटी एवढंच विचारलं, “माझ्याकडून तू काही घेतलं नाहीस ना?” ती नाही म्हणाली. तो म्हणाला, “मग छापू का, हे मला विचारू नकोस.” आणि चौथ्यांदा इस्त्री.

रविवारी लेख आला. चाचणीचे बंद कारखाने, चिंधीआधी काय माहीत होतं, नंतरचे नऊ महिने, कुणाकडे पोच होती. आमच्या वर्तमानपत्राने पहिल्या दिवशी टाळ्या वाजवल्या, हेही. पत्राबद्दल तीनच वाक्यं: तारीख मार्चची, आकडा ऑगस्टचा, विचारल्यावर आधी ‘अंदाज’ आणि मग ‘काहीच बोललो नाही’. ‘बनावट’ हा शब्द नव्हता. लेखाखाली नवऱ्याचं नातं.

सोमवारी चौकशीचा निकाल राखून ठेवला, आणि संध्याकाळी सुई घरी निघेना. फोन उचलेना, पाणी पिईना. सहा वाजता तिचा नवराच आमच्या जिन्यात दिसला. इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटलेला, हातात डबा, डबा हलतोय.

“बदली झाली?” तिने विचारलं.

“झाली.”

सुईने डोळे मिटले.

“ऐक ना,” तो म्हणाला. “हुकूम जावक वहीत मीच चढवायचा होता. माझाच. साहेब दुपारी तीनला स्वतः घेऊन आले. तारीख शुक्रवारची. म्हणजे लेखाच्या आधीची. म्हणाले, शुक्रवारच्या पानावर खाली जागा आहे, तिथे चढव.” त्याने ओठ ओले केले. “होती जागा. दोन ओळींची.”

“मग?”

“माझा हात इतका कापत होता, की साहेबांना वाटलं मी लिहितोच आहे.”

“अहो, मग?”

“आजचं पान उघडलं. आजची तारीख घातली. आजचा क्रमांक. वेळ पण लिहिली, दुपारी तीन वाजून दहा. साहेब बघत होते.” तो खुर्ची शोधत होता, मी माझी पुढे केली. “आता रागावू नकोस. आपल्याला जावंच लागेल बहुतेक. लांब आहे गं.”

 सुईने त्याच्या हातातून डबा घेतला. झाकण उघडलं, तर आतलं जेवण सकाळी भरलं तसंच होतं. ती त्याच्यासमोर बसली, पोळीचा तुकडा मोडला आणि त्याच्या हातात दिला. हात थांबेपर्यंत धरून ठेवला.

मी दोरीपाशी गेलो. अगदी उजवीकडे, सगळ्या कागदांच्या पुढे, आजच्या तारखेच्या जागी, एक मोकळा चिमटा लटकत होता.