दोरीच्या आत

पत्नी गुणगुणत घरी आली, आणि प्राध्यापकांनी हातातले पान तिथेच खाली ठेवले. वीस वर्षांच्या संसारात तिला गुणगुणताना त्यांनी ऐकले नव्हते. चप्पल काढताना, पाणी पिताना, साडीच्या निऱ्यांना लागलेली रस्त्याची धूळ झटकतानादेखील ती एकच ओळ फिरवून फिरवून घोळवत होती. आपण गुणगुणतो आहोत हे तिचे तिलाही ठाऊक नसावे, आणि नेमके तेच प्राध्यापकांना सोसेना.

दोघांची मेजे एकाच खोलीत, समोरासमोर. ते कायदा शिकवीत, ती समाजशास्त्र. नगरपालिकेने दोघांकडे मिळून एक निबंध मागितला होता: ध्वनिवर्धक, मिरवणुका आणि सार्वजनिक रस्ते यांचे नियमन धर्माचरणाच्या स्वातंत्र्याला धक्का न लावता कसे करावे. निबंधाच्या शेवटी नियमांचा मसुदा जोडायचा होता आणि तो सभेपुढे जायचा होता. कायद्याची बाजू त्यांची, माणसांची बाजू तिची. माणसे पाहायची म्हणून ती गेले काही आठवडे पलीकडच्या वस्तीतल्या प्रार्थनामंडळाबरोबर हिंडत होती. हे मंडळ वर्षातून एकदा, हाताने ओढायच्या गाड्यावर कर्णा बांधून, गात गात गावभर फिरे, आणि त्याची वाट प्राध्यापकांच्या गल्लीतून जाई. मंडळाचा मुख्य गायक व्यवसायाने सुतार होता. गाण्याची प्रत्येक ओळ आधी तोच उचली.

आधी ती त्याला 'मुख्य गायक' म्हणे. मग 'सुतार' म्हणू लागली. आणि त्या संध्याकाळी जेवताना म्हणाली, "आमचे सुतार म्हणतात, आमच्याकडे सगळी मावतील एवढी खोली एकच आहे, ती म्हणजे रस्ता."

वाक्य चांगले होते. निबंधात घ्यावे इतके चांगले. प्राध्यापकांच्या घशात मात्र त्यातला 'आमचे' हा शब्द अडकला तो पाणी पिऊनही खाली उतरेना. त्यांच्या आई शेजारीच जेवत होत्या. ऐंशी ओलांडली तरी त्यांचे कान शाबूत होते आणि जीभ त्याहूनही. मुलाचे आंबट तोंड पाहून त्या सुनेला म्हणाल्या की, याला लहानपणीही कोणी खेळायला बोलावले नाही की हा असाच जेवत नसे.

प्राध्यापकांचे नाव एका तत्त्वासाठी होते. त्यांचे म्हणणे असे की, नियम करणाऱ्याने तो कोणावर पडणार हे पाहू नये. वेळ, जागा आणि पद्धत एवढ्यालाच हात लावावा; कोण काय म्हणतो याला नाही. घरात बसलेल्या माणसाला डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. म्हणून बोलण्याच्या हक्कात ऐकायला लावण्याचा हक्क येत नाही, आणि प्रार्थनेला स्वातंत्र्य असले तरी कर्ण्याला ते आपोआप मिळत नाही. पण जे माप प्रार्थनेच्या मिरवणुकीला तेच वरातीला, तेच निवडणूक जिंकणाऱ्याला, तेच चषक घेऊन नाचणाऱ्या पोरांना. कोणाला राग येईल, दंगा होईल, एवढ्या धास्तीने मिरवणूक अडवणेही त्यांना मान्य नव्हते. तसे केले तर दंग्याची धमकी देणाऱ्याच्या हाती परवान्याचा शिक्का जातो, असे ते वर्गात ठासून सांगत.

मसुदाही तसाच उतरला होता. मिरवणुकीने आगाऊ कळवावे. रस्त्याची अर्धी रुंदी वाहनांना आणि रुग्णवाहिकेला मोकळी सोडावी, आणि ती हद्द स्वयंसेवकांनी दोरी धरून राखावी. रुग्णालयापुढे वाद्य आणि ध्वनिवर्धक दोन्ही बंद. एका मोठ्या कर्ण्याऐवजी लहान पेट्या, चालणाऱ्यांच्या दिशेने वळवलेल्या. आवाज मोजायचा तो रस्त्यात नव्हे, लगतच्या घरापाशी.

इतके सगळे लिहून झाले असताना, पत्नी पुन्हा वस्तीत गेली त्या दुपारी, प्राध्यापकांनी आणखी एक कलम लिहिले: 'वीस फुटांहून अरुंद निवासी गल्लीतून, हाताने ओढल्या जाणाऱ्या गाड्यावरील ध्वनिवर्धकाच्या साहाय्याने मानवी कंठाने गायन करीत जाणाऱ्या मिरवणुकीस अनुमती देऊ नये.' त्यांनी ते दोनदा वाचले. त्यात धर्माचा उल्लेख नव्हता, मंडळाचा नव्हता, सुताराचा तर नव्हताच. भाषा इतकी थंड की कोणालाही वाटावे, ती बर्फाच्या लादीवर बसून लिहिली आहे. प्राध्यापकांना गेल्या कित्येक दिवसांत एवढे बरे वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाबरोबर, पत्नीने मसुदा वाचला. कपाळावर चष्मा चढवून तिने ते कलम पुन्हा वाचले, आणि विद्यार्थ्याला विचारावे तसे शांतपणे विचारले की, वराती यात बसतात का. प्राध्यापक म्हणाले, नाही; तिथे बँड असतो, कंठ नसतो. निवडणुकीच्या मिरवणुका? त्या मोटारीवरून निघतात, गाडा ओढीत नाहीत. चषकवाली पोरे? त्यांच्याकडे गाडाच नसतो. नदीकाठच्या दुसऱ्या प्रार्थनास्थळाची मिरवणूक? ती मोठ्या रस्त्याने जाते. प्रत्येक उत्तर बरोबर होते, आणि प्रत्येक उत्तराबरोबर प्राध्यापकांचा आवाज उतरत गेला.

"म्हणजे एकच राहिली," ती म्हणाली. "अहो, नाव तेवढं घालायचं राहिलं."

त्यांनी वाद घातला. वाद घालणे हा त्यांचा श्वासच. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आवाज परततो. शब्द असलेले गाणे नुसत्या वाद्याहून अधिक मन वेधते, म्हणून घरातल्या माणसाला अधिक छळते. म्हातारी माणसे असतात. आतून आई म्हणाल्या की, म्हातारे माणूस या घरात एकच आहे आणि त्याची काही तक्रार नाही.

"आवाज परततो ना?" पत्नी म्हणाली. "मग डेसिबल लिहा. डेसिबलला गळा आणि पिपाणी यांतला फरक कळत नाही. तुम्हाला कळतोय."

प्राध्यापकांनी चहाचा कप बाजूला सारला. मग त्यांनी जे विचारले त्याचा कलमाशी काही संबंध नव्हता.

"तू तिथे गातेस?"

"हो."

"घरी कधी गायली नाहीस."

"घरी तुम्ही बोलत असता."

ती हे रागाने म्हणाली नाही, म्हणून ते अधिक लागले. मग तिने, कोणी विचारले नसताना, सांगितले. पहिल्या दिवशी मंडळ रस्त्यावर मिरवणुकीची तालीम करीत होते आणि ती निरीक्षकासारखी पदपथावरून चालत होती. कोणीतरी दोरी वर उचलली, ती वाकून आत गेली, आणि रस्त्याच्या मधोमध आली. जन्मभर आपण कडेने, अंग चोरून चालत आलो हे तिला तिथे उभे राहिल्यावर कळले. त्या बायका वर्षभर दुसऱ्यांच्या घरी मागच्या दाराने जातात; एक दिवस त्या भर रस्त्यातून जातात आणि मोटारी थांबतात. निबंधात तिला एवढेच सांगायचे होते. सुताराबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. ज्या माणसाला फक्त सुताराबद्दलच ऐकायचे होते, त्याचे त्याने समाधान झाले नाही.

तरी त्यांनी कलम खोडले. एक रेघ, आणि मग न वाचता येण्याइतकी गिचमिड. त्या जागी आकडा घातला: घरापाशी मोजलेला मिरवणुकीचा सरासरी आवाज अमुक मर्यादेत, कोणाचाही असो. मत्सर मात्र खोडला गेला नाही. तो आकड्याच्या आड जाऊन वाट पाहत बसला.

नियम मंजूर करण्याआधी ते प्रत्यक्ष मिरवणुकीवर पडताळून पाहावेत, असे पालिकेने ठरवले. पहिली मिरवणूक मंडळाचीच होती, आणि मापन करायचे होते खुद्द प्राध्यापकांच्या घराच्या सज्जात. मर्यादा ओलांडली तर पुढच्या वर्षी गल्ल्यांची वाट बंद. पत्नीने नियमांची पाने वस्तीत नेऊन वाचून दाखवली होती. सुताराने मोठा कर्णा उतरवून गाड्यावर आतल्या बाजूला तोंड केलेल्या लहान पेट्या बसवल्या, हे आई कुठूनसे ऐकून आल्या होत्या.

त्या दिवशी पत्नी लवकरच घराबाहेर पडली. प्राध्यापकांनी ध्वनिमापकाची तपासणी केली, ठराविक आवाज देणारी डबी त्याच्या तोंडावर बसवून आकडा जुळतो की नाही ते पाहिले, वाऱ्याची फडफड मोजली जाऊ नये म्हणून स्पंजाची टोपी चढवली. मग आधी गल्ली नुसती असतानाचा आवाज मोजला. तो ठाऊक नसेल तर मिरवणुकीच्या पदरी नेमके किती घालायचे हे कळत नाही. मापकाचे तीन पायांचे तिकाटणे त्यांनी भिंतीला लागून ठेवले होते.

भिंतीला लागून. त्यांना पक्के ठाऊक होते की भिंतीवर आपटून परतणारा आवाज मापकात पुन्हा शिरतो आणि आकडा दोन-तीन डेसिबलनी फुगतो. तेवढे पुरे होते. सज्जा लहान आहे असे म्हणता आले असते. कोणी विचारलेही नसते. गल्लीच्या वळणावर पहिला सूर ऐकू आला तेव्हा त्यांचा हात तिकाटण्यावर होता आणि हलत नव्हता.

मग त्यांनी ते उचलले, सज्जाच्या कठड्याबाहेर आलेल्या फळीवर, भिंतीपासून पुरते दूर ठेवले, आणि गल्लीचा मूळ आवाजही तिथूनच पुन्हा घेतला. हे करताना ते स्वतःवर इतके चिडले होते की स्पंजाची टोपी दोनदा हातातून निसटली.

मिरवणूक आली. अर्धा रस्ता मोकळा, दोरी ताणलेली. गाड्यापुढे सुतार: ठेंगणा, टक्कल पडलेला, पन्नाशीचा, गाताना मान एका बाजूला टाकणारा. प्राध्यापकांनी त्याच्यात काहीतरी खोट शोधली आणि आवाजात सापडली नाही. लहान पेट्यांतून गाणे चालणाऱ्यांपुरतेच निघत होते, वर येईस्तोवर मऊ होत होते. एका मोठ्या कर्ण्याने सगळे गळे बुडवून टाकले असते. इथे खालून एकेक गळा वेगळा वर येत होता, आणि त्यांतला एक त्यांनी ओळखला.

ती दोरीच्या आत, बायकांच्या रांगेत होती. जाडसर, थोडा फाटणारा, अगदी बेफिकीर असा तो आवाज होता. तीच ती ओळ. प्राध्यापकांच्या नियमामुळेच तो ऐकू येत होता, आणि तो त्यांच्यासाठी नव्हता.

"हाक मार की तिला," आई दारातून म्हणाल्या.

त्यांनी ओठांवर बोट ठेवले. मोजणाऱ्याने बोलायचे नसते. त्याचा आवाजही आकड्यात जातो, आणि तो मिरवणुकीच्या माथी बसतो. तिला वर पाहायचे सुचले नाही. सुताराने मात्र मापक पाहिला, ध्वनिक्षेपक तोंडापासून किंचित लांब धरला, आणि वाकून नमस्कार केला. प्राध्यापकांना प्रतिनमस्कार करावा लागला. तो त्यांनी केला, दात न दाखवता.

मिरवणूक वळली. आकडा मर्यादेच्या आत होता. फार नाही, पण आत. त्यांनी मापक पुन्हा डबीवर तपासला, आकडा लिहिला, खाली सही केली. कुठेही गिचमिड झाली नाही.

मग खालून पालिकेच्या माणसाने विचारले, काय आले. ते वाकून म्हणाले, "मर्यादेत आहे." आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला. आईंनी तोंडाला पदर लावला आणि हसू दाबीत विचारले की, हा आवाज कोणत्या कलमात बसतो.

प्राध्यापकांनी चपला शोधल्या. वळणापर्यंत गेले तेव्हा मिरवणुकीचा शेवट दिसत होता. दोरी धरलेल्या एका बाईने त्यांच्याकडे पाहिले, आणि आत यायचे आहे का असे नुसत्या भुवईने विचारले. ते पदपथावरच थांबले आणि तिथूनच, कडेकडेने, त्या आवाजाच्या मागे चालू लागले.