पाच ताऱ्यांतली तक्रार

दुकानाचे तारे उतरले होते. दोन वर्षांपूर्वी चार पूर्णांक सहा, आता तीन पूर्णांक नऊ. लोक हल्ली चष्मा करायला निघण्याआधी मोबाइलवर तारे बघतात आणि मगच पायात चपला घालतात, असं दादाचं म्हणणं होतं. ते काही खोटं नव्हतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून त्याने धाकटीला बोलावून घेतलं.

धाकटी म्हणजे त्याची बहीण. सर्वेक्षणाच्या कचेरीत तिची अकरा वर्षं गेली होती. लोकांनी आपल्या मनाने, आपल्या भाषेत लिहिलेली उत्तरं वाचायची, त्यांतल्या सारख्या गोष्टी एकत्र लावायच्या आणि कुठली गोष्ट पुन्हा पुन्हा येते ते सांगायचं, हे तिचं काम. घरच्यांना त्यात काय विशेष असतं ते कधी कळलं नाही. "वाचायचे पैसे मिळतात तुला," असं दादा चिडवायचा.

आज मात्र चिडवण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता. "तू फक्त एकदा नजर टाक," तो म्हणाला. "उद्या सकाळी भिंगकाकांना सांगायचंय. काचा यापुढे बाहेरून बसवून घेऊ. बाबांच्याही कानावर घातलंय."

भिंगकाका हा दुकानाचा कारागीर. मागच्या खोलीत सव्वीस वर्षं बसून तो काचा घासत आणि फ्रेममध्ये बसवत होता. लहानपणी ही दोघं त्याच्या यंत्राशेजारी बसून अभ्यास करायची, तेव्हाच त्याला हे नाव पडलं. या वयात त्याला दुसरीकडे कोण ठेवून घेणार होतं?

"कशावरून ठरवलंस?"

दादाने कागद पुढे सरकवला. त्याने ताऱ्यांखाली गिऱ्हाइकांनी लिहिलेल्या प्रतिक्रिया संगणकाच्या एका प्रोग्रॅममध्ये घातल्या होत्या. प्रोग्रॅमने सारखे शब्द बघून पाच ढीग करून दिले: काच आणि नंबर त्र्याऐंशी, उशीर एक्केचाळीस, किंमत बावीस, फ्रेम सोळा, इतर बारा.

"त्र्याऐंशी, निम्म्याच्या आसपास," दादा म्हणाला. "नंबर चुकला, काच चुकली, डोकं दुखतं. काचा कोण बसवतं? काकाच ना?"

धाकटीने बेरीज केली. एकशे चौऱ्याहत्तर. "एवढ्याच प्रतिक्रिया आहेत?"

"शब्द लिहिलेल्या सहाशे बारा आहेत. पण चार आणि पाच तारेवाल्या मी घेतल्याच नाहीत. तक्रारी शोधायच्या ना? खूश असलेल्यांचं कशाला वाचू?"

इथे धाकटीचं डोकं फिरलं. कामात कोणी अशा पाट्या टाकल्या की ती चिडायचीच, त्यात हा सख्खा भाऊ. "अरे, ढीग शब्दांवरून लावलेत, कारणावरून नाही. नंबर चुकला म्हणजे कुठे चुकला? डॉक्टरांच्या कागदावर, आपल्या चिठ्ठीवर की यंत्रावर? तुझ्या प्रोग्रॅमला काय माहीत? आणि माणसं भली असतात रे. पाच तारे देऊनसुद्धा तक्रार करतात. दुकानदाराचं मन मोडायला नको म्हणून हळूच करतात, इतकंच."

दादाने मोबाइल तिच्यापुढे ठेवला. बहिणीशी वाद घालून आजवर त्याचा काही फायदा झालेला नव्हता.

मग ती कामाला बसली. सगळ्या सहाशे बारा प्रतिक्रिया एका तक्त्यात घेतल्या. पहिल्या शंभर नुसत्या वाचल्या, कुठलंही नाव न देता. ही तिची जुनी सवय. आधीच ढिगांची नावं ठरवली की माणूस पुढचं सगळं त्यांत कोंबत जातो. शंभर झाल्यावर तिने ढिगांची नावं लिहिली आणि प्रत्येक नावापुढे एका ओळीत नियम: यात काय बसेल, काय बसणार नाही. एका प्रतिक्रियेत दोन तक्रारी असतील तर दोन्ही ढिगांत तिची नोंद.

काच-नंबरच्या त्र्याऐंशी तिने वेगळ्या काढल्या आणि त्या घेऊन मागच्या खोलीत गेली. भिंगकाका सुट्टीच्या दिवशीही यंत्र पुसायला आला होता.

"काका, जुन्या चिठ्ठ्या आहेत?"

काउंटरवर गिऱ्हाइकाचा नंबर आणि डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर एका चिठ्ठीवर लिहितात, मागे डॉक्टरांच्या कागदाची प्रत टाचतात आणि ती आत येते. भिंगकाका तिच्याकडे न बघता उठला. त्याने पत्र्याचा डबा काढून दिला. सगळ्या चिठ्ठ्या महिन्यांप्रमाणे बांधलेल्या होत्या.

त्र्याऐंशीपैकी एकसष्ट जणांच्या चिठ्ठ्या सापडल्या. बाकीच्या बावीस जणांनी प्रतिक्रिया कुठल्या टोपणनावाने लिहिली होती कोण जाणे. धाकटीने चिठ्ठ्या डॉक्टरांच्या कागदाशी ताडून बघितल्या. चिठ्ठी बरोबर आणि काच चुकीची, अशा नऊ. बावन्न ठिकाणी मुळात चिठ्ठीच चुकलेली. डाव्याचा नंबर उजव्या डोळ्यापुढे, उणेच्या जागी अधिक, एका ठिकाणी तर भलत्याच माणसाचा नंबर. अक्षर एकच होतं, ठळक आणि उजवीकडे झुकलेलं.

ते अक्षर तिने शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सहीच्या रूपात वर्षानुवर्षं पाहिलं होतं. काउंटरवर अजून बाबाच बसत.

"काका, तुम्हाला माहीत होतं."

भिंगकाका फडकं घडी करत राहिला. "जेवढं लक्षात येतं तेवढं मी फोन करून दुरुस्त करतो. सगळंच येतं असं नाही."

"मग बोलला का नाहीत? तुमच्यावर आलंय सगळं."

"कोणाला बोलू? मालकांना? की त्यांच्या पोराला, त्यांच्या माघारी?" तो म्हणाला. "ते मला जमलं नसतं, बाळ."

ती परत येऊन चार आणि पाच ताऱ्यांच्या प्रतिक्रिया वाचायला लागली. आता काय शोधायचं ते तिला ठाऊक होतं, आणि ते सापडू नये असं मनापासून वाटत होतं. "काम उत्तम, मालकांनी माप दोनदा घेतलं, पण काळजीने." "चष्मा छान झाला. आणायला गेलो तर कुठला चष्मा म्हणाले, मग हसत हसत शोधून दिला." "फ्रेम आवडली. माझं नाव चारदा विचारलं, पण काउंटरवरचे काका गोड आहेत." दुपार सरेपर्यंत सहाशे बारांतून मालकांच्या अशा गोंधळाचा उल्लेख असलेल्या शहाण्णव जमल्या. अठ्ठावन्न चार-पाच ताऱ्यांच्या, म्हणजे दादाने बाजूला टाकलेल्या. तारखांप्रमाणे लावल्यावर उरलीसुरली शंकाही गेली. पहिल्या सहा महिन्यांत चार होत्या, शेवटच्या सहा महिन्यांत एक्कावन्न. धाकटीला रडू आलं आणि ती थोडा वेळ रडली.

हे दादाला तोंडाने सांगणं तिच्याच्याने होईना. शिवाय कचेरीत एक रीत होती: एकाने लावलेले ढीग दुसऱ्याने, काही न सांगता, स्वतःच्या बुद्धीने लावून बघायचे. तिने प्रत्येक ढिगातल्या काही काही मिळून साठ प्रतिक्रिया छापल्या, नावांवर काळी रेघ मारली, पट्ट्या कापल्या, पत्त्यांसारख्या पिसल्या आणि दादापुढे ठेवल्या.

"तुला वाटेल तसे लाव. नावंही तूच दे."

दादाने कुरकुर केली, पण बसला. उशिराच्या पट्ट्या एकीकडे, किमतीच्या दुसरीकडे. मग त्याचा हात मंदावला. एक पट्टी त्याने काचेच्या ढिगात ठेवली, उचलली, पुन्हा वाचली आणि वेगळी ठेवली. तिच्या शेजारी दुसरी गेली, तिसरी गेली. वीस-एक पट्ट्यांचा ढीग झाल्यावर त्याने कोऱ्या कागदावर नाव लिहिलं: विसर.

"हे सगळं एकाच माणसाबद्दल आहे," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटायचं, वय झालं, म्हणून करतात." त्याने कपाळाला हात लावला. "मी रोज शेजारी उभा असतो गं."

धाकटीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. घर दुकानाच्या वरच होतं. बाबा दुपारची झोप आटोपून खाली येत होते, केस नीट विंचरलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. धाकटीने पट्ट्या आवरायला घेतल्या, पण उशीर झाला होता.

"ऑफिसचं काम घेऊन आलीस? सुट्टीच्या दिवशी?" त्यांनी खुर्ची ओढली. "बघू तरी काय करतेस ते. इतकी वर्षं नुसतं ऐकतोय."

बाबांनी नेमका विसरचाच ढीग उचलला आणि एकेक पट्टी डोळ्यांपासून लांब धरून वाचायला सुरुवात केली.

"चष्म्याचं दुकान दिसतंय कुठलं तरी," ते म्हणाले. त्यांना मजा वाटत होती. दोन-तीन पट्ट्यांवर ते हसलेसुद्धा. मग मात्र दुकानदाराच्या नजरेने वाचू लागले, आणि दुकानदार म्हणून त्यांना कोणी कच्चं म्हटलं नसतं. "माणूस चांगला आहे. गिऱ्हाइकांचा जीव आहे त्याच्यावर, नाहीतर इतकं सांभाळून कोण लिहितं? पण त्याला काउंटरवर बसवू नये आता. डोळ्यांचा मामला आहे. चुकीच्या नंबरने एखादा जिन्यावरून पडायचा." त्यांनी मान हलवली. "घरच्यांनी प्रेमानं उठवायला हवं त्याला. कोणी आहे की नाही त्याचं?"

दादाने मान फिरवली. धाकटीला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

बाबांनी पुढची पट्टी घेतली आणि मोठ्याने वाचली. "चष्मा सुरेख झाला. मालक फार प्रेमळ, आमच्या घरच्यांना वर्षानुवर्षं ओळखतात. माझी आई कशी आहे, अजून शिवते का, असं त्यांनी तीनदा विचारलं. ती गेल्याचं मला तीनदा सांगावं लागलं. पाच तारे."

त्यांनी ती पुन्हा वाचली, या वेळी मनात. मग त्यांनी टेबलावरच्या काळ्या रेघांकडे पाहिलं, दादाने लिहिलेल्या नावाकडे पाहिलं आणि शेवटी पोरांच्या तोंडांकडे. तिथे सगळं लिहिलेलंच होतं.

"ती गेली?" त्यांनी विचारलं. "शिवणवाली?"

"मागच्या वर्षी, बाबा," धाकटी म्हणाली. "तुम्ही गेला होतात तिच्या घरी."

"हं."

त्यांनी पट्ट्यांच्या कडा जुळवून ढीग नीट केला आणि दादापुढे सरकवला. आतल्या खोलीत भिंगकाकाने यंत्रावर कापड घातल्याचा आवाज आला. बाबांनी त्या दाराकडे पाहिलं. त्यांचा आवाज अगदी रोजचा होता.

"मग उद्या सकाळी त्याला कशाला काढत होतास?"

बाबा उठले, काउंटरमागच्या आपल्या खुर्चीपाशी गेले, तिच्यावर न बसता ती दादाच्या बाजूला सरकवली आणि आत भिंगकाकाकडे गेले.